हळदीभोवती पिवळं कडं दिसतं, पण जीवाणू थांबलेले नसतात: अगर प्लेटच्या प्रयोगातली नेहमीची अडचण

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की नागपुरातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची धावपळ सुरू होते. कडुनिंब आणि हळद जीवाणूंची वाढ मंदावतात का, हा प्रकल्प दरवर्षी एक-दोन गट तरी घेतात. मी विज्ञान शिकवते आणि या प्रकल्पात दरवर्षी तीच अडचण पाहते. कागदाच्या चकतीला हळदीचा अर्क लावून ती जीवाणू पसरलेल्या अगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती छान गोल पिवळं कडं आलेलं असतं. मुलं पट्टी लावून ते मोजतात आणि वहीत लिहितात, ‘हळद १४ मिमी, कडुनिंब ९ मिमी, म्हणून हळद जास्त प्रभावी.’ त्या १४ मिलिमीटरमध्ये बहुतेक वेळा जीवाणूंचा काही संबंध नसतो. तो हळदीचा रंग असतो.

गेल्या हिवाळ्यात नववीतली एक मुलगी अशीच प्लेट घेऊन आली. “मॅडम, पाहा ना, आलं कडं!” तिने प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरली होती. असं धरलं की पिवळा रंग उठून दिसतो आणि बाकी सगळं झाकलं जातं. मी प्लेट उलटी करून काळ्या कागदावर ठेवली आणि टॉर्चचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडला. मग दिसलं ते असं: अगरवर वाढलेल्या जीवाणूंचा थर धुरकट, मॅट काचेसारखा होता आणि तो पिवळ्या कड्याच्या आतही सरळ चकतीच्या कडेपर्यंत गेलेला होता. जिथे वाढ खरोखर थांबते तिथे अगर ओल्या काचेसारखा चकचकीत राहतो. तसा चकचकीत पट्टा तिच्या हळदीच्या चकतीभोवती फार तर दीड मिलिमीटरचा होता. आणि नुसतं अल्कोहोल लावलेल्या चकतीभोवतीही तेवढाच होता.

तुमच्या प्लेटवर असं काही आलं असेल तर आधी ही काळ्या कागदाची तपासणी करा. झाकण उघडू नका, काचेतूनच पाहा.

असं होतं तरी का

हळदीतलं ज्याला आपण औषधी म्हणतो ते कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. हळद नुसत्या पाण्यात टाकली तर तळाशी बसते, फोडणीच्या तेलात टाकली की तेल लगेच पिवळंधमक होतं. अगर म्हणजे तर बहुतांश पाणीच. चकती-पद्धतीचा सगळा भरवसा असा की चकतीतला पदार्थ अगरच्या पाण्यात विरघळेल, चारी बाजूंना पसरेल आणि जिथपर्यंत त्याचं प्रमाण पुरेसं असेल तिथपर्यंत जीवाणू वाढणार नाहीत. जो पदार्थ पाण्यात जातच नाही तो पसरणार कसा?

त्यात कागदाची भर. कुर्कुमिन कापसाच्या आणि कागदाच्या तंतूंना घट्ट धरून बसतं. हळदीचा डाग सुती कपड्यावरून निघत नाही त्याचं हेच कारण. म्हणजे आपण अर्क कागदावर टाकतो आणि कागदच तो धरून ठेवतो. चकती सुकवल्यावर कुर्कुमिन तंतूंवर बसलेलं राहतं, अगरमध्ये फारच थोडं उतरतं.

मग १४ मिलिमीटर कुठून आले? त्या मुलीने चकती अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात बुडवून लगेच, ओली असतानाच अगरवर ठेवली होती. चकतीतलं अल्कोहोल अगरवर सांडलं आणि जाताना पिवळा रंग सोबत घेऊन गेलं. काही अंतरावर अल्कोहोल पाण्यात मिसळून पातळ झालं आणि रंग तिथेच थांबला. चकतीला लागून जो दीड मिलिमीटरचा खरा चकचकीत पट्टा होता, तोही अल्कोहोलमुळेच. म्हणून नुसत्या अल्कोहोलच्या चकतीलाही तो होता, आणि कडुनिंबाचे ‘९ मिमी’ म्हणजे ६ मिमीची चकती अधिक दोन्ही बाजूंचा हा दीड-दीड मिलिमीटर. तिन्ही चकत्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे अल्कोहोल जीवाणू मारतं.

आणखी एक कारण आहे, ते शक्यता म्हणून तपासावं. हळकुंड न घेता सुटी हळद पूड घेतली असेल आणि साध्या पाण्यातला अर्कसुद्धा अगरवर लांबपर्यंत झगझगीत पिवळा पसरत असेल, तर पुडीत मेटॅनिल यलो हा रंग मिसळलेला असू शकतो. तो पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे कडं मोठं येतं. शिक्षकांनी प्रयोगशाळेत हातमोजे घालून पाहायचं: चिमूटभर पूड थोड्या पाण्यात, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब. गुलाबी रंग आला आणि पाणी वाढवल्यावरही टिकला तर भेसळ समजा. पाणी वाढवल्यावर गेला तर ती हळदच. सोपा उपाय म्हणजे इतवारीतून अख्खं हळकुंड आणून घरी दळणं. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. ती मिळाली तर प्रकल्पाच्या तक्त्यावर हळद कुठली होती हे नेमकं लिहिता येतं.

कडं पिवळं न येता लालसर-नारिंगी आलं तर घाबरू नका. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तोच प्रकार. तुमचा अगर अल्कधर्मी झाला आहे, बहुधा भांडं सोड्याने धुऊन नीट विसळलेलं नाही. त्या अगरच्या सगळ्या प्लेटा बाद करा, कारण अल्कधर्मी माध्यमात जीवाणूंची वाढही वेगळी होते आणि कुर्कुमिनही लवकर मोडतं.

चकती सुकवून पाहिली, मग काय झालं

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच आम्ही केला. चकतीवर एका वेळी एक छोटा थेंब, तो पूर्ण सुकला की दुसरा, आणि शेवटी चकती झाकलेल्या स्वच्छ बशीत तासभर ठेवून मग अगरवर. अल्कोहोलच्या चकतीलाही अगदी हीच वागणूक. शिवाय एक प्लेट अशी केली की तिच्यावर जीवाणू पसरलेच नाहीत, फक्त हळदीची आणि कडुनिंबाची चकती ठेवली. ही प्लेट मुलं नेहमी वगळतात, आणि माझ्या मते याच प्लेटवर सगळा प्रकल्प उभा असतो. जीवाणू नसलेल्या प्लेटवरही पिवळं कडं आलं तर ते कडं म्हणजे वाढ थांबल्याची खूण नव्हे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं.

या वेळी अल्कोहोलची चकती बरोबर ६ मिमी, म्हणजे कडं शून्य. हळदीभोवती फिकट पिवळा रंग १० मिमीपर्यंत, पण तिरप्या उजेडात वाढ थेट चकतीला भिडलेली. म्हणजे हळदही ६. कडुनिंबही ६. जीवाणू नसलेल्या प्लेटवर हळदीचा रंग तेवढाच, १० मिमी.

मुलगी रडकुंडीला आली. तिचे बाबा न्यायला आले होते, तेही म्हणाले, “मॅडम, मग हळद काहीच करत नाही का जी? आम्ही तर जखमेवर लावतो.” मी त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. या प्लेटने हळद निकामी ठरवलेली नाही. हळद जीवाणूंपर्यंत पोचलीच नाही, एवढंच तिने सांगितलं. चकतीची पद्धत मुळात पाण्यात विरघळणाऱ्या प्रतिजैविकांसाठी सोयीची आहे. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाला त्या पद्धतीने जोखलं तर तो नेहमीच दुबळा दिसणार.

मग हळद अगरमध्येच मिसळायची

जीवाणूंपर्यंत हळद जात नसेल तर जीवाणूंना हळदीवर बसवायचं. अगर पातळ असतानाच त्यात अर्क मिसळून प्लेट ओतायची, वर मोजके जीवाणू पसरायचे आणि वसाहती, म्हणजे एकेका जीवाणूपासून वाढलेले ठिपके मोजायचे. कडं मोजायची भानगडच उरत नाही. आणि आपला मूळ प्रश्नही ‘वाढ मंदावते का’ असाच होता. मंदावणं हे कड्यात दिसत नाही, मोजलेल्या वसाहतींत दिसतं.

आम्ही असं केलं. घरी दळलेली १० ग्रॅम हळद ५० मिली इथेनॉलमध्ये झाकणाच्या बाटलीत २४ तास ठेवली, अधूनमधून हलवली, मग एक दिवस न हलवता ठेवून वरचाच निवळ भाग दोनदा गाळणकागदातून गाळला. इथेनॉल शाळेच्या प्रयोगशाळेतलं, शिक्षकांच्या ताब्यातलं, आणि आसपास कुठेही ज्योत नाही. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि इतर गोष्टी असतात. लाकडाला लावायचं स्पिरिटही नको, त्यात मिथेनॉल असू शकतं.

आता प्रमाण. हळदीत साधारण ३ टक्के कुर्कुमिन धरलं तर १० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅम. सगळं उतरलं असं मानलं तरी ५० मिलीत ३००, म्हणजे दर मिलीला ६ मिलिग्रॅम. एका प्लेटच्या २० मिली अगरमध्ये ०.४ मिली अर्क घातला, तर त्यात २.४ मिलिग्रॅम कुर्कुमिन आलं. २० मिलीत वाटलं तर दर मिलीला १२० मायक्रोग्रॅम, आणि हा वरचा अंदाज, प्रत्यक्षात कमीच. शुद्ध कुर्कुमिनने जीवाणूंची वाढ पूर्ण थांबवायला साधारण शंभर ते अडीचशे मायक्रोग्रॅम लागतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे आपण उंबरठ्याच्या आसपास आहोत. सगळं साफ होईल अशी अपेक्षा इथे चूक, वाढ रेंगाळेल अशी अपेक्षा रास्त. हा हिशोब मुलीने स्वतः फळ्यावर केला आणि तक्त्यावरही लावला. परीक्षकांना तक्त्यावर असा हिशोब क्वचितच पाहायला मिळतो.

न्यूट्रिएंट अगरची पूड डब्यावर लिहिल्याप्रमाणे, आमच्या डब्यावर लिटरला २८ ग्रॅम होती. शाळेच्या प्रेशर कुकरमध्ये वाफ धरल्यावर १५ मिनिटं. ओतताना घाई करू नका. बाटली हाताला गरम लागते पण धरवते, तेव्हा अगर ५० अंशांच्या जवळ असतो. त्याहून गरम असला तर अल्कोहोल उडून जातं, थंड झाला तर बाटलीतच गोळे होतात. अर्क टाकून बाटली गोल फिरवा, फेस येऊ देऊ नका. अगर गढूळ पिवळा होईल, कारण कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण होतात. या पद्धतीची मर्यादा हीच आणि ती लिहून ठेवावी: कण दिसतात म्हणजे सगळं कुर्कुमिन जीवाणूंना मिळत नाही.

तीन प्लेटा हळदीच्या, तीन प्लेटा नुसत्या ०.४ मिली अल्कोहोलच्या, आणि एक हळदीची प्लेट बिनजीवाणूची. अल्कोहोलच्या प्लेटा तुलनेसाठी आहेत, साध्या अगरच्या नाहीत. हे चुकलं तर पहिल्या दिवशीचीच चूक परत होते.

जीवाणू बॅसिलस सबटिलिस, एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडून आणलेले. हाताचे, मोबाइलचे, संडासाच्या दाराचे नमुने घेऊन वाढवू नका. त्यातून काय वाढेल कोणालाच ठाऊक नसतं, आणि तशी प्लेट मुलांच्या हातात देऊ नये. निर्जंतुक ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात थोडे जीवाणू मिसळून ते पाणी जेमतेम गढूळ दिसेल इतकं केलं. मग १ मिली त्यातलं, ९ मिली नवं मिठाचं पाणी, असं पाच वेळा. पाचव्या नळीतलं ०.१ मिली प्रत्येक प्लेटवर पसरलं. एवढं पातळ केल्यावर प्लेटवर शंभराच्या आत-बाहेर वसाहती येतात आणि त्या बोटाने मोजता येतात. तीसपेक्षा कमी असतील तर योगायोगाचा भाग वाढतो, तीनशेच्या वर गेल्या की एकमेकींत मिसळतात.

२४ तासांनी अल्कोहोलच्या तीन प्लेटांवर ६४, ५८ आणि ७१ वसाहती होत्या. हळदीच्या प्लेटांवर २२, ३१ आणि २६, आणि त्याही टाचणीच्या डोक्याएवढ्या. ४८ तासांनी अल्कोहोलच्या ६६, ६० आणि ७१. हळदीच्या मात्र ५५, ४९ आणि ५८ झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीचे आकडे पाहून मुलीला वाटलं पुन्हा बिघडलं. मला तर तिच्या प्रकल्पाचं उत्तर तेच वाटलं. पहिल्या दिवशी न दिसलेले बहुतेक जीवाणू मेलेले नव्हते, अडून बसले होते. एका दिवसाने ते वाढले. हळदीने वाढ मंदावली, बहुतांशी थांबवली नाही. एकदाच, २४ तासांनी मोजलं असतं तर ‘हळदीने निम्म्याहून जास्त जीवाणू मारले’ असं चुकीचं वाक्य तक्त्यावर गेलं असतं. उशिरा वाढ होण्याचं एक कारण असंही असू शकतं की उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माध्यमात कुर्कुमिन हळूहळू मोडतं. उजेडात ते आणखी लवकर मोडतं. म्हणून प्लेटा काळ्या कागदात गुंडाळूनच ठेवायच्या.

ऊब आणि उजेड

हे नागपूरकरांनी विशेष लक्षात घ्यावं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. शाळेच्या बंद खोलीत ठेवलेल्या प्लेटांवर दोन दिवस काहीच दिसत नाही आणि मुलांना वाटतं हळदीने कमाल केली. अल्कोहोलची प्लेटही रिकामी असेल तर ती कमाल थंडीची. आम्ही थर्माकोलच्या खोक्यात छोटा तंतूचा बल्ब लावून आत थर्मामीटर ठेवला आणि ३० अंश राखले. शाळेत ३७ अंशांवर वाढवू नये, कारण शरीराच्या तापमानाला रोगकारक जीवाणू चांगले वाढतात.

बल्बच्या बाजूची प्लेट नेहमी जास्त तापते. आमच्या पहिल्या फेरीत हळदीच्या तिन्ही प्लेटा एकाच बाजूला होत्या, म्हणून ती फेरी टाकून द्यावी लागली. हळदीची, अल्कोहोलची, हळदीची, अल्कोहोलची अशा आलटून पालटून ठेवा. उलट्या ठेवा, म्हणजे झाकणावरचं पाणी अगरवर ठिबकत नाही. झाकण दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टीने चिकटवा, सगळीकडून बंद करू नका.

कडुनिंबाची वेगळी खोड

कडुनिंबाच्या बाबतीत उलटा प्रकार होतो. अर्क टाकला की जीवाणू कमी होण्याऐवजी वाढतात, वेगळ्याच रंगाच्या, सुरकुतलेल्या वसाहती दिसतात. पानं पाण्यात वाटून गाळलेला रस मुलं तसाच वापरतात. झाडावरच्या पानांवर धूळ आणि जीवाणू असतातच, आणि गाळणकागद जीवाणूंना अडवत नाही. दहा मिनिटं उकळलं तरी बॅसिलससारख्यांचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, झोपी गेलेली रूपं, जिवंत राहतात. अल्कोहोलही बीजाणूंना मारत नाही. हळदीच्या अर्कातूनही ते येऊ शकतात, म्हणून अर्क निवळू देऊन वरचाच भाग घ्यायचा आणि बिनजीवाणूची प्लेट दोन्ही अर्कांसाठी ठेवायची. तिच्यावर पाच-सात वसाहती आल्या तर बाकीच्या प्लेटांचे आकडे धरू नका.

पाण्यातलाच अर्क हवा असेल तर तो बाटलीत घालून अगरसोबत कुकरमध्ये १५ मिनिटं ठेवा आणि तक्त्यावर ‘शिजवलेला अर्क’ असं स्पष्ट लिहा, कारण उष्णतेने काही घटक बिघडतात. हळदीशी तुलना करायची असेल तर मात्र कडुनिंबही अल्कोहोलमध्येच काढा. एक पाण्यात आणि दुसरं अल्कोहोलमध्ये काढून कोण सरस हे ठरवता येत नाही. आमच्या अल्कोहोलमधल्या कडुनिंबाच्या प्लेटा पहिल्या दिवशी अल्कोहोलच्या प्लेटांइतक्याच भरल्या. त्या मुलीने तक्त्यावर तसंच लिहिलं: या प्रमाणात, या जीवाणूवर, पानांच्या अर्काचा फरक दिसला नाही. बियांच्या तेलाबद्दल किंवा सालीबद्दल त्यातून काही म्हणता येत नाही.

प्रदर्शनात खऱ्या प्लेटा मांडू नका, काळ्या कागदावर ठेवून काढलेले फोटो लावा. मोजणी संपली की प्लेटा न उघडता पिशवीत बांधून शाळेच्या कुकरमध्ये वाफ धरल्यावर अर्धा तास, आणि तो कुकर पुन्हा कोणाच्याही स्वयंपाकघरात जायचा नाही.